दीडशे यार्डांचे एकशे पंचावन्न कसे होतात?

पुण्यात बावधनजवळचा ऑक्सफर्ड गोल्फ कोर्स डोंगरउतारावर वसलेला आहे. अशा चढउताराच्या मैदानावर अंतर मोजलं की क्लब ठरला, असं होत नाही. एक उदाहरण घेऊ. खेळाडू उंचावरच्या टीवर उभा आहे, ग्रीन दहा यार्ड खाली आहे आणि समोरून ताशी १६ किलोमीटरचा वारा येतोय.

रेंजफाइंडर झेंड्यावर लेझरचा झोत टाकतो आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजतो. दीडशे मीटरसाठी हा वेळ सेकंदाचा दहालाखावा भाग असतो. यंत्रावर आकडा येतो १५० यार्ड. मात्र झोत झेंडा चुकवून मागच्या झाडाला लागला, तर आकडा फुगतो. म्हणून दोन-तीनदा मोजायचं आणि यार्डेज बुकातल्या आकड्यांशी ताडून पाहायचं.

आता उतार. आयर्नने मारलेला चेंडू साधारण ४५ अंशांच्या कोनात खाली येतो. त्यामुळे जमीन जितकी खाली, जवळपास तितकाच तो पुढे जातो. म्हणून दहा यार्ड वजा करायचे.

मग वारा. समोरच्या वाऱ्यात चेंडूला होणारा अवरोध वाढतो. त्यात उलट फिरकीमुळे चेंडू जास्त वर चढतो आणि पुढची झेप तोकडी पडते. ढोबळ हिशेब असा, की एवढ्या वाऱ्याला दहा टक्के, म्हणजे १५ यार्ड मिळवायचे. हाच वारा पाठीमागून असता, तर फायदा त्याच्या निम्माच मिळाला असता. आपल्या शॉटचं अंतर आता १५५ यार्ड झालं.

आपला खेळाडू मुंबईचा आहे. तिथे त्याचा सेव्हन आयर्न १५० यार्ड जातो आणि सिक्स आयर्न १६०. पुण्याचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. इथली हवा थोडी विरळ असल्याने चेंडू सुमारे दोन टक्के जास्त, म्हणजे तीन यार्ड पुढे जातो. सेव्हन १५३ झाला, सिक्स १६३. हवे आहेत १५५. मग सेव्हनच घ्यावा का?

इथे यार्डेज बुक निर्णय देतं. त्यात लिहिलंय, की पुढचा बंकर ओलांडायला १४३ यार्ड लागतात आणि ग्रीन १६६ यार्डांपर्यंत आहे. सेव्हन घेतला आणि वारा ताशी २४ किलोमीटरचा झाला, तर चेंडू सात-आठ यार्ड आणखी अलीकडे पडेल, म्हणजे थेट वाळूत. सिक्स घेतला तर तो आताच्या वाऱ्यात झेंड्यापलीकडे आठेक यार्डांवर उतरेल आणि वारा वाढला तर झेंड्याजवळ. वारा अचानक पडला, तरच तो ग्रीनपलीकडे जाईल. अंगावर येणारा वारा टिकून आहे असं दिसत असेल, तर सिक्स घ्यावा.

स्पर्धेत मात्र उताराचा हिशेब देणारी सोय बंद ठेवावी लागते आणि वाऱ्याचा वेग यंत्राने मोजता येत नाही. तिथे चिमूटभर गवत हवेत सोडून पाहायचं आणि वजाबाकी-बेरीज मनातच करायची.