ठोक रक्कम की नगामागे रॉयल्टी?

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये तांब्याच्या नि कथिलाच्या खाणी होत्या, पण कोळसा नव्हता. खाणीत साचणारे पाणी उपसायला न्यूकोमेनची वाफेची इंजिने लागत आणि त्यांचा कोळसा जहाजाने वेल्सहून येई. जेम्स वॉटच्या इंजिनाला त्याच कामासाठी कितीतरी कमी कोळसा पुरे. वॉटला 1769 मध्ये पेटंट मिळाले, 1775 मध्ये संसदेने त्याची मुदत 1800 पर्यंत वाढवली. त्याने आणि भागीदार मॅथ्यू बोल्टनने खाणमालकांना सांगितले, की जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश आम्हाला द्या.

हिशेब ठेवण्यासाठी इंजिनाच्या तुळईवर कुलूपबंद पेटीतला गणक बसवला जाई. तुळई एकदा हेलकावली की आकडा एकने पुढे. ठोके किती, त्यावरून पाणी किती उपसले आणि जुन्या इंजिनाने त्याला किती कोळसा खाल्ला असता, हे काढता येई. पण तुलनेचे मोजमाप मुळात वादाचे, आणि खाणमालकाच्या डोळ्यांसमोर दर ठोक्याला पैसे मोजले जात. त्यामुळे अनेक खाणींशी पुढे वर्षाला ठरावीक रक्कम ठरली.

मोजणीची कटकट बाजूला ठेवली, तरी प्रश्न उरतो: पेटंटधारकाला जास्त मिळते कशात, ठोक शुल्कात की नगामागच्या रॉयल्टीत?

एक उदाहरण मांडून पाहू. एकच वस्तू बनवणारे दोन कारखाने आहेत आणि दर नगाला दोघांचाही खर्च 40 रुपये आहे. बाजारात एकूण जितके नग येतील, तितके रुपये भाव शंभरातून उतरतो. दोघेही स्वतःचे हित पाहून उत्पादन ठरवतात, म्हणून प्रत्येकी 20 नग निघतात, भाव 60 राहतो आणि प्रत्येकाला 400 रुपये नफा होतो. आता एका संशोधकाने नगामागे 6 रुपये वाचवणारी युक्ती शोधली. त्याचा स्वतःचा कारखाना नाही.

त्याने नगामागे पूर्ण 6 रुपये रॉयल्टी लावली, तर कारखानदाराचा खर्च 34 वर येतो आणि रॉयल्टी धरून पुन्हा 40 होतो. बाजारात काहीच हलत नाही. 40 नगांवर संशोधकाला 240 रुपये मिळतात.

ठोक शुल्कात चित्र बदलते. एकदा पैसे भरले, की पुढच्या नगाचा खर्च खरोखरच 34 राहतो. दोघेही 22 नगांपर्यंत जातात, भाव 56 वर येतो, आणि शुल्क वजा करण्यापूर्वी प्रत्येकाचा नफा 484 होतो. परवाना घ्यायचे एकाने नाकारले, तर प्रतिस्पर्धी स्वस्तात माल काढत असताना त्याच्या हाती 324 रुपयेच उरतात. म्हणजे परवान्यासाठी तो 160 रुपयांपर्यंत मोजेल. दोघांचे मिळून 320. इथे संशोधकाची खरी ताकद मागे पडण्याच्या भीतीत आहे: शुल्क भरल्यावर दोन्ही कारखान्यांकडे 324च उरतात, आधीच्या 400 पेक्षा कमी. ग्राहकाला मात्र वस्तू चार रुपयांनी स्वस्त मिळते.

आता एकच गोष्ट बदलू. पेटंट त्या दोघांपैकीच एका कारखान्याचे आहे. परवाना दिलाच नाही, तर त्याला 576 रुपये नफा होतो. ठोक शुल्क घेतले, तर प्रतिस्पर्धी तितकाच स्वस्त होतो; स्वतःचा नफा 484 वर घसरतो आणि 160 शुल्क धरून 644 होतात. रॉयल्टी घेतली, तर प्रतिस्पर्ध्याचा नग 40 रुपयांनाच पडतो. तो 18 नगच काढतो, त्यावर 108 रुपये रॉयल्टी येते आणि स्वतःचे 576 शाबूत राहतात. एकूण 684. युक्ती तीच, बचत तीच, आणि उत्तर उलटे! इथे रॉयल्टी पैसा तर आणतेच, शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या दर नगावर ओझेही ठेवते. अर्थशास्त्रात मॉर्टन कॅमियन आणि यायर टाउमन यांनी बाहेरच्या संशोधकाचा हिशेब 1986 मध्ये मांडला होता. घरातल्या पेटंटधारकाची बाजू 1998 मध्ये एक्स. हेन्री वांग यांनी दाखवली.

ब्रिटनची पिलकिंग्टन ही या दुसऱ्या जातीची पेटंटधारक. वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगवत सपाट करायची तिची पद्धत 1959 मध्ये जाहीर झाली आणि घासून-पुसून काच सपाट करण्याचा खर्च गेला. कंपनी स्वतः काच विकत होती, तरी तिने जगभरच्या काचउत्पादकांना परवाने दिले आणि रॉयल्टी घेतली.

उदाहरणात मात्र सगळ्यांना सगळे माहीत आहे. खऱ्या व्यवहारात युक्ती चालेल की नाही याची खात्री नसलेला कारखानदार ठोक रक्कम आगाऊ मोजायला कचरतो. रॉयल्टीत नग विकला तरच पैसे द्यायचे असल्याने धोका वाटला जातो. उलट नगांचा आकडा लपवता येत असेल, तर रॉयल्टी बुडते. म्हणून पुष्कळ करारांत आधी थोडी ठोक रक्कम आणि मग नगामागे रॉयल्टी असे दोन्ही असते, आणि परवानाधारकाची वह्या-खाती तपासण्याचा हक्क देणारे कलमही. कॉर्नवॉलमध्ये ते काम तुळईवरची कुलूपबंद पेटी करत होती.