यादीतली एक ओळ

एप्रिल १९५० मध्ये अमेरिकेतल्या एका विपणनविषयक नियतकालिकात मेसन हेअर यांचा निबंध छापून आला. हेअर बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मानसशास्त्र शिकवत. इन्स्टंट कॉफी करायला सोपी, झटपट होणारी, तरीही अनेक गृहिणी ती घरात आणत नव्हत्या. ‘का वापरत नाही?’ असं सरळ विचारलं, की बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असे: चव आवडत नाही. हेअर यांना या उत्तराचा संशय आला. चव हे कारण खोटंच असेल असं नाही, पण अनोळखी माणसाला सांगायला ते फार सोयीचं आहे. त्याच्यामागे दुसरं काही दडलं असेल तर पुन्हा तोच प्रश्न विचारून ते बाहेर येणार नव्हतं.

म्हणून त्यांनी वाणसामानाच्या दोन याद्या केल्या. दीड पौंड खिमा, दोन पाव, गाजरांची जुडी, बेकिंग पावडरचा डबा, पीचचे दोन डबे, पाच पौंड बटाटे. दोन्ही याद्यांत हे सगळं तंतोतंत सारखं. फरक फक्त कॉफीच्या ओळीत: एकीत मॅक्सवेल हाऊसची गाळून करायची एक पौंड कॉफी, तर दुसरीत नेसकॅफे इन्स्टंट. पन्नास बायकांना पहिली यादी दिली, दुसऱ्या पन्नासजणींना दुसरी. दुसरीही यादी आहे याचा कुणालाच पत्ता नव्हता. काम एवढंच, की यादी वाचायची आणि हे सामान आणणारी बाई कशी असेल ते लिहायचं.

नेसकॅफेची यादी वाचलेल्यांपैकी ४८ टक्के बायकांनी ती बाई आळशी असल्याचं लिहिलं. मॅक्सवेल हाऊसच्या बाईला आळशी म्हणणाऱ्या ४ टक्केच होत्या. नेसकॅफेवालीला घरखर्चाचं आणि वेळेचं नियोजन जमत नाही, असंही ४८ टक्के म्हणाल्या. १६ टक्क्यांनी तर ती चांगली बायको नाही असा निकाल दिला. मॅक्सवेल हाऊसवालीबद्दल असं एकीनेही लिहिलं नाही. खिमा तोच, बटाटे तेच. केवळ एका ओळीमुळे त्या न पाहिलेल्या बाईच्या संसाराचा पंचनामा झाला.

हेअर यांनी मग दोन्ही याद्यांत आणखी एक वस्तू घातली: पायचं तयार मिश्रण. आता मॅक्सवेल हाऊसवालीलाही तीच नावं ठेवली जाऊ लागली. म्हणजे रोष नेसकॅफे या नावावर नव्हता. स्वयंपाकातली मेहनत वाचवणारी कुठलीही वस्तू त्या काळच्या बाईच्या ‘मी चांगली गृहिणी आहे’ या समजुतीला धक्का लावत होती. त्यांनी काही बायकांची फडताळंही बघितली. यादीतल्या नेसकॅफेवालीला ज्यांनी नावं ठेवली, त्यांच्या घरात इन्स्टंट कॉफी सापडण्याचं प्रमाण कमी होतं. हा पडताळा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्याच्याशिवाय हा प्रयोग म्हणजे नुसती कल्पनाशक्तीची परीक्षा ठरली असती. फडताळामुळे ती वर्णनं प्रत्यक्ष खरेदीशी जोडली गेली.

ब्रँडची निवड समजून घेताना प्रेरणेचे सिद्धांत कुठपर्यंत साथ देतात आणि कुठे अडतात, हे इथे स्पष्ट दिसतं. अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ साली गरजांची उतरंड मांडली. आधी भूक-तहान, मग सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मान आणि शेवटी स्वतःतल्या शक्यता फुलवणं. माणूस कॉफी का पितो, घर का बांधतो, गाडीची गरज त्याला कधी भासते, हे या उतरंडीवरून कळतं. पण दोन्ही कॉफ्या गरज एकच भागवतात. त्यातली एक उचलून दुसरी का ठेवली, याचं उत्तर गरजेत मिळत नाही. ते शोधायला माणसाच्या स्वतःविषयीच्या चित्राकडे, म्हणजे स्वसंकल्पनेकडे वळावं लागतं.

या विषयावरचं विखुरलेलं संशोधन जोसेफ सर्जी यांनी १९८२ साली एकत्र मांडलं. त्यात ‘स्व’ची चार रूपं येतात. मी स्वतःला आज जसा समजतो तो मी. मला जसं व्हायचं आहे तो मी. लोक मला जसं पाहतात असं मला वाटतं तो मी. आणि लोकांनी मला जसं पाहावं असं वाटतं तोही मीच. दुसऱ्या बाजूला, प्रत्येक ब्रँडचा एक ठरावीक ग्राहक आपल्या डोळ्यांसमोर असतो. ही दोन चित्रं जुळली की माणूस त्या ब्रँडकडे ओढला जातो, असं हा सिद्धांत सांगतो.

मात्र यात एक पाचवं रूपही धरायला हवं: मला जे मुळीच व्हायचं नाही ते. मानसशास्त्रात त्याला ‘नकोसा स्व’ म्हणतात. हेअर यांच्या प्रयोगातल्या बायका मॅक्सवेल हाऊसच्या प्रेमात पडलेल्या नव्हत्या. त्यांना ‘आळशी बाई’ व्हायचं नव्हतं. ब्रँडच्या निवडीत ओढीइतकंच, कित्येकदा ओढीपेक्षा जास्त बळ या टाळण्याला असतं, असं माझं मत आहे. आणि त्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण आपल्याकडेच घडलं.

टाटा नॅनोची गोष्ट पावसात भिजणाऱ्या एका कुटुंबापासून सुरू होते. दुचाकीवर आई, वडील, मुलं असं सगळं घर बसलेलं रतन टाटांनी पाहिलं आणि अशा घराला परवडेल अशी सुरक्षित गाडी करायची, असं मनात घेतलं. मॅस्लोच्या उतरंडीवर ही गरज बरोबर दुसऱ्या पायरीची, सुरक्षिततेची. गरज खरी होती, मोठी होती आणि कोट्यवधी घरांत होती. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या बाजूला, वायपर एकच, चाकाला चार नटांऐवजी तीन, मागून उघडणारी डिकी नाही. प्रत्येक काटकसरीमागे अभियांत्रिकीचा विचार होता. जगभरच्या बातम्यांत मात्र एकच मथळा झळकला: एक लाखाची, जगातली सर्वांत स्वस्त गाडी.

२००९ मध्ये दोन लाखांहून जास्त लोकांनी नोंदणी केली आणि पहिल्या एक लाख गाड्या सोडत काढून वाटाव्या लागल्या. पण साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची असताना २०११-१२ या सर्वांत चांगल्या वर्षातही विक्री ७५ हजारांच्या आतच राहिली. पुढे ती घसरत गेली आणि २०१८ नंतर उत्पादन जवळपास थांबलं.

दुचाकी विकून पहिलीवहिली चारचाकी घेणारं घर डोळ्यांसमोर आणा. त्या दिवशी गाडीला हार घातला जातो, नारळ फुटतो, शेजारीपाजारी पेढे खातात. ‘आता आपणही गाडीवाले’ हे त्या घराला गल्लीला सांगायचं असतं. आणि गल्लीतून उत्तर येतं, “अहो, थोडे पैसे घालून अल्टो तरी घ्यायची!” आनंद तिथेच विरतो. गाडीच्या किमतीचा आकडा देशभर माहीत असल्यामुळे ती चालवणाऱ्याच्या ऐपतीची जाहिरातच दारात उभी राहते. ज्याच्याकडे आधीच मोठी गाडी होती, त्याला नॅनो घेताना संकोच वाटायचं कारण नव्हतं. संकोच होता तो नेमका ज्याच्यासाठी गाडी बनवली त्याला, कारण ‘गाडीवाला’ हे रूप त्याने अजून मिळवायचं होतं. नॅनोने त्याची गरज भागवली असती, पण हाती दिला असता तो नकोसा स्व: ज्याला दुसरी गाडी परवडली नाही असा माणूस. अशा घरांनी जुनी मारुती घेतली किंवा आणखी काही दिवस दुचाकीच चालवली. गाडीवर ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का बसणं दुर्दैवी ठरलं, हे रतन टाटांनीही पुढे जाहीरपणे मान्य केलं. २०१५ च्या आवृत्तीत मागून उघडणारी डिकी आली, स्वयंचलित गिअर आले, पण शिक्का पुसला गेला नाही.

सगळा दोष या एका कारणावर टाकणंही बरोबर नाही. कारखान्याची आधीची जागा, सिंगूर, सोडावी लागल्यामुळे उत्पादन लांबलं. काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या. किंमतही वाढत गेली. एखादा ब्रँड का पडला, हे तो पडल्यानंतर स्वसंकल्पनेने सांगणं सोपं असतं, आणि या सिद्धांताचा वापर करणारे नेमके इथेच घसरतात. अशा स्पष्टीकरणाला खरा आधार हवा असेल तर खरेदीच्या आधी, खरेदी करणाऱ्यांकडूनच पुरावा गोळा करावा लागतो.

आणखी दोन मर्यादा आहेत. पहिली वस्तूबद्दलची. चारचौघांत दिसणाऱ्या वस्तूंत, म्हणजे गाडी, फोन, कपडे यांत स्वप्रतिमेचा जोर अधिक. पलंगावरची गादी किंवा नळाची तोटी कुठल्या कंपनीची आहे हे पाहुण्याला कळत नाही, आणि तिथे किंमत, टिकाऊपणा, दुकानदाराची शिफारस एवढ्यावर काम भागतं. दुसरी मर्यादा काळाची. हेअर यांचा प्रयोग १९६८ मध्ये पुन्हा करून पाहिला, तेव्हा दोन याद्यांतल्या बायकांमध्ये लक्षात घेण्याजोगा फरक उरलाच नव्हता. कॉफी तीच होती. चांगल्या गृहिणीची व्याख्या अठरा वर्षांत बदलली होती.

ही पद्धत आजही वापरता येते, आणि तिला फार खर्चही नाही. दिवाळीच्या सामानाची यादी घ्या: रवा, बेसन, पिठीसाखर, तूप, पातळ पोहे. एका यादीत ‘चकलीची भाजणी, एक किलो’ लिहा, दुसरीत ‘तयार चकल्या, एक किलो’. बाकी अक्षरही बदलू नका. एका माणसाला एकच यादी दाखवा, कारण दोन्ही दिसल्या की तो लगेच सावध होतो आणि न्यायाधीशासारखं तोलूनमापून बोलतो. चकल्यांबद्दल काहीही विचारू नका. ही यादी करणाऱ्या व्यक्तीचं चार वाक्यांत वर्णन एवढंच मागा. वर्णनं वाचणाऱ्याला कुठलं कुठल्या यादीचं हे माहीत नसावं, नाहीतर त्याला हवं ते तो शोधून काढतो. एक अडचण राहतेच: तयार चकल्या महाग असतात, त्यामुळे ‘उधळी’ असा शेरा आला तर तो विकतच्या फराळावरचा की किमतीवरचा, हे सांगता येत नाही. त्यासाठी तिसऱ्या गटाला तिसरी यादी द्यावी, जिच्यात भाजणीच आहे, पण साध्या तुपाच्या जागी असं महागडं तूप लिहिलं आहे, की एकूण खर्च तयार चकल्यांच्या यादीइतकाच होतो. त्या यादीलाही ‘उधळी’ म्हणणारे तेवढेच निघाले, तर शेरा पैशांचा. आणि ‘हिला घरच्यांसाठी वेळ नाही’ हे वाक्य फक्त तयार चकल्यांच्या कागदांवर सापडलं, तर ते वाक्य कुणी लिहिलं, कोणत्या वयाच्या माणसांनी, बायकांनी की पुरुषांनी, आणि त्यांच्या स्वतःच्या डब्यात चकली कुठून आली आहे, हे पुढे विचारायला लागावं.