सात म्हणजे कुणाचे सात?

पुण्यातला सल्लागार आणि न्यू जर्सीतला संभाव्य ग्राहक यांचा पहिला कॉल बहुधा ‘उद्या ७ ला?’ इथेच अडतो. सात कुणाचे? दोन्हीकडच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेदहा. कॅलेंडलीसारखी बुकिंगची लिंक ग्राहकाला मोकळ्या वेळा त्याच्याच घड्याळाप्रमाणे दाखवते, त्यामुळे विचारपूस संपते. मात्र लिंकला फक्त जोडलेलं कॅलेंडर दिसतं. पालकसभा कागदी डायरीतच राहिली, तर ती वेळही मोकळीच दिसणार. किमान १२ तासांची पूर्वसूचना लावली नाही, तर आपण झोपेत असताना कुणीतरी सकाळचे ७ घेऊन बसतो. नुसती लिंक धाडणं उर्मट वाटतं, हा आक्षेप रास्त आहे. पण दोष लिंकचा नसून तिच्या एकटेपणाचा आहे: ‘गुरुवारी तुमचे सकाळचे १० चालतील? नाहीतर इथून निवडा’ एवढं सोबत लिहिलं, तर हुकूम वाटत नाही.