एक गाळा, दोन पाळ्या

पुण्यातल्या एखाद्या रहदारीच्या गल्लीत 200 चौरस फुटांचा गाळा आहे असं धरू. सकाळी सहा ते बारा तिथे एक ताई पोहे, उपमा आणि चहा विकतात. दुपारी चारला एक दादा येतात आणि रात्री अकरापर्यंत ज्यूस आणि आइस्क्रीमचा धंदा करतात. महिन्याचं भाडं 24,000 रुपये. एकट्याला हे भाडं पेलवत नाही, म्हणून दोघांनी मिळून गाळा घेतलेला. शहराच्या मध्यवस्तीत भाडी वाढत गेली तशी ही सोय अनेक ठिकाणी रुजली आहे. पण बऱ्याच जोड्या वर्षाच्या आत फुटतात. धंदा बसल्यामुळे फुटणाऱ्यांपेक्षा हिशेबावरून बिनसलेल्या जोड्या कमी नसतात.

सुरुवातीला सगळे एकच वाक्य बोलतात, "ताई, निम्मं-निम्मं करू, कटकट नको." दोन-तीन महिन्यांनी कमी तास बसणारा म्हणतो, तासांवर वाटू. दोन्ही वाटण्या सरळ दिसतात, तरी दोन्हींत एकावर अन्याय होतो. भाडं आणि वीज ही वेगवेगळ्या जातीची खर्चं आहेत, हे त्यामागचं कारण. भाडं जागा अडवल्याबद्दल द्यावं लागतं, मग तिथे कुणी असो वा नसो. विजेचे पैसे यंत्र चालल्याबद्दल द्यावे लागतात, आणि ते यंत्र मालक घरी झोपलेला असतानाही चालतं. म्हणून या दोघांची वाटणी एकाच मापाने करता येत नाही.

आधी भाडं घेऊ. निव्वळ तासांवर वाटलं, तर सहा आणि सात मिळून तेरा तास होतात. ताईंच्या वाट्याला 11,077 रुपये येतात, दादांच्या 12,923. पण गाळ्यात नीट पाहिलं तर दादांचा डीप फ्रीजर, फळांच्या क्रेट आणि ज्यूसचा ओटा मिळून 30 चौरस फूट जागा चोवीस तास अडलेली असते. ताईंचं फक्त एक मांडणीचं कपाट आहे, 10 चौरस फुटांचं. सकाळी गर्दीच्या वेळी ताईंचं गिऱ्हाईक दारात उभं राहून खातं, कारण आतला कोपरा फ्रीजरने घेतलेला असतो. तासांच्या हिशेबात ही अडलेली जागा कुठेच धरलेली नसते.

म्हणून भाड्याचे दोन तुकडे करायचे. 24,000 भागिले 200, म्हणजे चौरस फुटाला 120 रुपये. कायम अडवलेल्या जागेचं भाडं ज्याचं त्याने द्यायचं: दादांचे 3,600, ताईंचे 1,200. उरलेली 160 चौरस फूट जागा दोघंही आळीपाळीने वापरतात. तिचं भाडं 19,200 रुपये, ते सहाला सात या प्रमाणात वाटायचं. ताईंचे साधारण 8,862 आणि दादांचे 10,338 होतात. दोन्ही तुकडे मिळवले की ताईंचा वाटा 10,062 आणि दादांचा 13,938.

इथे दादा एक रास्त शंका काढू शकतात. "सकाळचे सहा तास आणि संध्याकाळचे सात तास सारखे कसे? आमच्या गल्लीत सकाळी ऑफिसला जाणाऱ्यांची झुंबड असते, संध्याकाळी तेवढी नसते." दुसऱ्या गल्लीत हेच उलट असेल. कुठला तास किती मोलाचा यावर वाद घालायला बसलं तर तो संपत नाही, कारण दोघांनाही आपला तास स्वस्त आणि दुसऱ्याचा महाग वाटतो. यातून बाहेर पडायचा मार्ग म्हणजे एक वेगळाच प्रश्न विचारणं: ही जोडी नसती तर प्रत्येकाला स्वतंत्र जागा कितीला पडली असती?

त्यासाठी दोघांनी एजंटकडे किंवा आजूबाजूच्या दुकानदारांकडे चौकशी करायची. ताईंना त्याच भागात लहानसा गाळा 14,000 ला मिळाला असता असं समजू. दादांना फ्रीजर ठेवता येईल अशी जागा 18,000 ला मिळाली असती. दोघांचे मिळून 32,000. एकत्र राहिल्यामुळे ते 24,000 मध्ये भागतं, म्हणजे 8,000 रुपये वाचतात. ही बचत दोघांच्या एकत्र येण्यामुळे झालेली आहे, एकट्याच्या बळावर कुणीच ती करू शकत नव्हतं, म्हणून ती समसमान वाटायची. ताईंच्या 14,000 मधून 4,000 वजा केले की 10,000. दादांच्या 18,000 मधून 4,000 वजा केले की 14,000.

आपल्या उदाहरणात दोन्ही रीतींची उत्तरं जवळजवळ सारखी आली. दर वेळी तशी येणार नाहीत. जवळ आली तर आकडा पूर्णांकात करून टाकावा, 10,000 आणि 14,000. लांब आली तर फरक का पडतो ते शोधावं. बहुतेक वेळा स्वतंत्र जागेचा दर फुगवून सांगितलेला असतो, किंवा रिकाम्या वेळेत कुणीतरी जागा वापरत असतं. दुपारी बारा ते चार या वेळात दादांचा माल उतरतो का, ताई भांडी घासायला थांबतात का, हे पाहावं. रीत कुठलीही असो, एक मर्यादा पाळावी. कुणाचाही वाटा त्याच्या स्वतंत्र जागेच्या भाड्यापेक्षा जास्त होता कामा नये. तसा झाला, तर तो माणूस आज ना उद्या निघून जाणार.

आता वीज. महावितरणच्या बिलात काही रक्कम युनिटवर अवलंबून असते: वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावरचं वीज शुल्क. स्थिर आकार मात्र एकही युनिट न जाळता भरावाच लागतो. तो भाड्यासारखा आहे. आपल्या गाळ्याचं बिल 3,500 रुपये आलं असं समजू: करासह स्थिर आकाराचे 500, आणि 250 युनिटचे सगळं धरून युनिटला 12 प्रमाणे 3,000. तासांवर वाटलं तर ताईंना 1,615 रुपये भरावे लागतील. ताईंचा चहा आणि पोहे गॅसवर होतात. त्यांची वीज म्हणजे दोन पंखे, पहाटेचे थोडे दिवे आणि चटणीचा मिक्सर.

खरी वीज कोण खातं ते कळायला महाग यंत्रं लागत नाहीत. इलेक्ट्रिशियनकडून फ्रीजर आणि ज्यूसरची वायर वेगळी काढून घ्यायची आणि त्या वायरीवर एक सब-मीटर बसवायचा. दिवे, पंखे आणि इतर प्लग मूळ वायरिंगवरच राहू द्यायचे. महिन्याला मुख्य मीटरवर 250 युनिट दिसले आणि सब-मीटरवर 150, तर ते 150 पूर्णपणे दादांचे. उरलेले 100 दोघांचे.

ते 100 कसे वाटायचे, हे अंदाजाने ठरवू नये. एक आठवडा ताईंनी सकाळी शटर उघडताना आणि बारा वाजता बंद करताना दोन्ही मीटरचे आकडे वहीत लिहावेत. एका सकाळी मुख्य मीटर 4,318.2 वरून 4,321.0 वर गेला, म्हणजे 2.8 युनिट. त्याच वेळात सब-मीटर 112.6 वरून 113.7 वर गेला, म्हणजे 1.1 युनिट. हे फ्रीजरचे. वजाबाकी केली की ताईंचे 1.7 उरले. आठवडाभर साधारण तेवढेच आले, तर महिन्याला ताईंचे सुमारे 50 युनिट होतात. म्हणजे उरलेल्या 100 चे निम्मे-निम्मे बरोबर आहेत आणि पुढे रोज आकडे टिपायची गरज नाही. ताईंची वीज 50 युनिटचे 600 रुपये आणि स्थिर आकाराचे निम्मे 250, एकूण 850. दादांची 2,650. तासांच्या वाटणीपेक्षा ताईंचे महिन्याला 765 रुपये वाचतात, वर्षाला 9,180. मोठा फ्रीजर उन्हाळ्यात जास्त वेळ चालतो, पण तो वाढलेला खर्च सब-मीटरवर आपोआप दादांच्या नावावर पडतो. पंख्यांचा वापर ऋतूप्रमाणे बदलतो, म्हणून आठवड्याची ही तपासणी उन्हाळ्यात आणि थंडीत एकेकदा पुन्हा करावी.

मीटर खरं बोलतो की नाही हेही पाहता येतं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुका ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ 3200. गाळ्यातली सगळी बटणं बंद करा, फ्रीजरचा प्लगही काढा. दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबला नाही तर कुठेतरी वीज गळते आहे किंवा कुणीतरी तुमच्या मीटरवरून वायर नेली आहे. मग फक्त फ्रीजर लावा. 150 वॉट खेचणारा फ्रीजर असा मीटर मिनिटाला साधारण आठ वेळा लुकलुकवतो. कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नसेल, तर दाराचं रबर गेलं असावं किंवा आत बर्फाचा थर साचला असावा.

घोटाळे बहुधा तारखांवरून होतात. महावितरणचा महिना एक तारखेला सुरू होत नाही. बिलावर मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा असतात, सब-मीटरचा फोटो त्याच दिवशी काढावा. बिल सरासरीवर आलं असेल, तर बिलातले युनिट बाजूला ठेवून मुख्य मीटरच्या स्वतः टिपलेल्या आकड्यांवरूनच प्रमाण काढावं. उशिराचा दंड ज्याने पैसे द्यायला उशीर केला त्याचा. आणि ज्याच्याकडे बिल येतं त्याने युनिटमागे रुपया-दोन रुपये वर लावू नयेत. नफ्यासाठी वीज विकायला परवाना लागतो, इथे फक्त खर्चाची वाटणी चाललेली आहे.

शेवटी कागद. गाळ्याचा करार एकाच्याच नावावर असेल, तर दुसऱ्याला आत घेण्यासाठी मालकाची लेखी संमती हवी. मालकाच्या परवानगीशिवाय जागा दुसऱ्याला देणं हे जागा खाली करायला लावण्याचं कारण ठरू शकतं. शक्य असेल तर दोघांची नावं एकाच करारात घालून तो नोंदवावा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची आहे. दोघांचा आपसातला कागद वेगळा करावा. त्यात पहिल्याच ओळीत लिहावं की ही जागेची वाटणी आहे, धंद्याची नाही, नफा-तोटा ज्याचा त्याचा. असं नसेल आणि दोघं खरोखर एका धंद्यातले भागीदार असतील, तर 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे वेगळं ठरलेलं नसल्यास नफा-तोटा सारखाच वाटला जातो आणि भाडं-वीज हा त्या एका धंद्याचा खर्च ठरतो.

पुढच्या ओळींत दहाला चौदा हे प्रमाण, डिपॉझिटही त्याच प्रमाणात, आणि भाडं वाढलं तरी तेच प्रमाण. एकाने सोडायचं ठरवलं तर दोन महिन्यांची सूचना, आणि तोवर त्याचा वाटा सुरूच. सुट्टी घेतली म्हणून भाडं कमी नाही. आणि जे कलम जोड्या विसरतात तेही लिहावं: गाळ्यात नवं यंत्र किंवा कायमचं सामान आणण्याआधी दुसऱ्याला सांगायचं, त्याची जागा मोजायची, आणि विजेवर चालणारं असेल तर ते ज्याच्या त्याच्या सब-मीटरच्या वायरीवरच लावायचं. दादांनी उद्या दुसरा फ्रीजर आणला किंवा ताईंनी इलेक्ट्रिक इडली कुकर घेतला, तर भांडण होणार नाही. नवे चौरस फूट आणि नवे युनिट त्याच आकडेमोडीत घालून त्या महिन्यापासून वाटा बदलेल.