लग्नाची जुनी कॅसेट आणि नवे चेहरे

अंबरनाथ-बदलापूरकडच्या घराघरांत नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट आहेत. समजा, अशाच एका कॅसेटमध्ये नवरानवरी अंबरनाथच्या शिवमंदिरात दर्शनाला गेली आहेत. कॅसेट संगणकावर उतरवली की चौकट मिळते ७२० बाय ५७६ ठिपक्यांची. तिला १४४० बाय १०८० करायचं, तर दर चार ठिपक्यांतले जवळपास तीन नव्याने भरावे लागतात.

लान्झोससारखी जुनी गणिती पद्धत शेजारच्या ठिपक्यांवरून सरासरी काढते. चित्र मोठं होतं, पण मऊच राहतं. एआय मात्र शिकलेल्या लाखो चित्रांवरून तपशील रचतं. नवरीचा जवळून घेतलेला चेहरा त्यामुळे खरंच खुलतो. मागच्या रांगेतल्या मावशीचा चेहरा मूळ चित्रात जेमतेम बारा ठिपके रुंद असतो. तिथे एआय दुसऱ्याच बाईचे डोळे बसवतं. १०६० सालच्या त्या मंदिराच्या भिंतीवरच्या मूर्तींचंही तेच होतं: नक्षी रेखीव दिसते, पण ती तिथली नसते. चित्र थांबवून पुढच्या काही चौकटी एकेक करून पाहा. नाक-डोळे किंवा नक्षी चौकटीगणिक बदलत असेल, तर तो तपशील बनावट आहे.

चित्र मोठं करण्याआधी डीइंटरलेसिंग करायलाच हवं. जुन्या व्हिडिओत सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. त्या तशाच ठेवल्या, तर हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते येतात आणि एआय तेच दाते ठळक करतं.

काहीही करा, पण कॅसेटवरून उतरवलेली मूळ फाइल पुसू नका.