नाव गाळलं, तरी फाउंड्री ओळखलीच
ग्राहकाची यशोगाथा लिहिताना होणारे पाच गैरसमज

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत वीजबचतीची कामं करणारा एक सल्लागार आहे, असं समजा. एका फाउंड्रीत सहा महिने खपून त्याने इंडक्शन भट्टीचा वीजवापर टनामागे 640 युनिटवरून 570 वर आणला. त्या आनंदात त्याने लिंक्डइनवर पोस्ट टाकली:

‘शिरोलीतल्या एका आघाडीच्या फाउंड्रीत आम्ही टनामागे 70 युनिट, म्हणजे 11 टक्के वीज वाचवली. ट्रॅक्टरची गिअरबॉक्स हाउसिंग बनवणाऱ्या आणि नुकताच दुसरा प्लांट सुरू केलेल्या या कारखान्याची दरमहा साडेतीन लाखांची बचत!’

पोस्टमध्ये नाव नव्हतं, लोगो नव्हता. तरी चार दिवसांत फाउंड्रीच्या मालकांना ट्रॅक्टर कंपनीच्या खरेदी विभागातून फोन आला. ‘शेठ, वीज चांगलीच वाचतेय म्हणे तुमची. मग पुढच्या दरात आमचं काय?’

हा प्रसंग आणि त्यातले आकडे हिशेबासाठी रचले आहेत, पण अशी पोस्ट रोज कोणी ना कोणी टाकत असतो. ती टाकताना मनात जे समज असतात, ते एकेक करून तपासू.

गैरसमज 1: नाव काढलं की ओळख पुसली.

वस्तुस्थिती: ओळख नावात कमी आणि तपशिलांच्या जुळणीत जास्त असते. याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 1990 च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा झिप कोड मात्र त्यात राहिला होता. लतान्या स्वीनी या तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी 20 डॉलरना विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले शहरात सहाच जण निघाले. त्यांपैकी पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरांच्या आरोग्य नोंदी अशा उघड्या पडल्या.

शिरोलीच्या पोस्टला हीच चाळणी लावून बघा. ‘पश्चिम महाराष्ट्रातली एक फाउंड्री’ म्हटलं तर शेकडो कारखाने डोळ्यांपुढे येतात. ‘शिरोली’ म्हटल्यावर ते बरेच कमी होतात. ‘ट्रॅक्टरची गिअरबॉक्स हाउसिंग’ म्हणताच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात, आणि ‘नुकताच दुसरा प्लांट’ हे वाचल्यावर धंद्यातल्या माणसाला विचार करावाच लागत नाही. यातला एकही तपशील गुपित नव्हता. सगळे एका वाक्याच्या अंतरात आले, इथे घात झाला.

म्हणून तपशील लिहिताना प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा: याने किती जण गळतात? गोष्ट समजायला ज्याची गरज नाही, तो तपशील काढून टाकावा. ज्याची गरज आहे, तो रुंद करावा. भट्टी इंडक्शनची आहे हे वाचकाला कळायलाच हवं, कारण उपाय त्या भट्टीचा आहे. ती भट्टी ट्रॅक्टरचे भाग ओतते की पंपाचे, याने उपायात काहीच फरक पडत नाही.

गैरसमज 2: टक्केवारी दिली की खरे आकडे झाकले जातात.

वस्तुस्थिती: एक टक्केवारी एकटी असेल तर बरंच झाकते. तिच्या शेजारी दुसरा आकडा बसवला, की शाळेतला भागाकार पुरतो. पोस्टमध्ये 70 युनिट आणि 11 टक्के हे दोन्ही आहेत. 70 ला 0.11 ने भागा. उत्तर 636 येतं, म्हणजे आधीचा वापर जवळपास अचूक कळला.

आता साडेतीन लाख रुपये घ्या. उद्योगांचे वीजदर जाहीर असतात. हिशेबासाठी युनिटला साडेआठ रुपये धरले तर ही बचत सुमारे 41,200 युनिटची होते. तिला टनामागच्या 70 युनिटनी भागलं की 588 येतात. फाउंड्री महिन्याला सुमारे 590 टन धातू वितळवते, हे आता प्रतिस्पर्ध्यालाही ठाऊक झालं. मालकांनी हा आकडा कुणालाही सांगितला नव्हता, सल्लागारानेही लिहिला नव्हता. तो उरलेल्या आकड्यांतून आपोआप निघाला.

खरेदी अधिकाऱ्याला तर एवढंही करावं लागत नाही. तो 70 ला साडेआठने गुणतो, टनाला 595 रुपये मिळतात, म्हणजे वितळवलेल्या किलोमागे साठ पैसे. कास्टिंगच्या दराची घासाघीस किलोमागच्या पैशांतच चालते. म्हणजे त्याच्या हाती मागणीचा आकडा आयता आला. आपण प्रतिस्पर्धी वाचेल म्हणून सावध असतो. नुकसान पुष्कळदा आपल्या ग्राहकाच्या ग्राहकाकडून होतं.

एकमेकांना जोडलेल्या आकड्यांपैकी पोस्टमध्ये एकच द्यावा. पैशांचा आकडा शक्यतो देऊच नये, कारण त्यावरून किमतीपर्यंतची वाट सगळ्यांत सोपी असते. लिहून झालं की कॅल्क्युलेटर घेऊन स्वतःच्याच पोस्टमधले आकडे एकमेकांनी भागून-गुणून पाहावेत. काही नवीन बाहेर आलं, तर एक आकडा जास्त आहे.

गैरसमज 3: मालक ‘टाका की’ म्हणाले, म्हणजे परवानगी मिळाली.

वस्तुस्थिती: मालक हो म्हणाले ते कशाला, हे बघावं लागतं. चहा पिताना मिळालेला होकार ‘आमचं काम चांगलं झालं असं सांगा’ एवढ्यापुरता असतो. टनामागची युनिटं जगापुढे मांडायला तो होकार नसतो. म्हणून परवानगी मजकुराची घ्यावी, कल्पनेची नव्हे. अंतिम मसुदा, फोटोंसकट, ईमेलवर पाठवावा आणि कुठे, कोणत्या नावाने, केव्हा प्रसिद्ध होणार ते त्यात लिहावं. नंतर एक शब्द जरी बदलला तरी पुन्हा दाखवावा.

त्याआधी करार उघडून दोन कलमं शोधावीत. एक गोपनीयतेचं, जे काम संपल्यावरही ठरलेली काही वर्षं लागू राहू शकतं. दुसरं प्रसिद्धीचं. ग्राहकाचं नाव, लोगो, कधीकधी तर तुमचं त्याच्याशी काम आहे ही गोष्टसुद्धा लेखी परवानगीशिवाय सांगायची नाही, असं त्यात असतं.

आणि काही गोष्टींना परवानगी देणं मालकांच्याही हातात नसतं. हाउसिंगचं ड्रॉइंग ट्रॅक्टर कंपनीचं असेल, तर फाउंड्री स्वतःच त्या कंपनीच्या गोपनीयता कराराने बांधलेली असू शकते. भट्टीवरच्या कामगाराचा फोटो किंवा त्याचं बोलणं वापरायचं, तर होकार त्याचा हवा, मालकाचा नव्हे. डिजिटल वैयक्तिक डेटाविषयीचा 2023 चा कायदा व्यक्तींच्या माहितीबद्दल बोलतो. कंपनीच्या आकड्यांचं संरक्षण मुख्यतः तुमच्या करारातून होतं. दोन्ही परवानग्या वेगळ्या, म्हणून घ्यायच्याही वेगळ्या.

गैरसमज 4: फोटोतला लोगो धूसर केला, पुरे.

वस्तुस्थिती: फाउंड्रीत नाव फक्त फलकावर नसतं. ओतलेल्या भागावर पार्ट नंबर आणि बनवणाऱ्याची खूण उठावदार अक्षरांत असू शकते. मागच्या रॅकवर टॅग लटकत असतात, टेबलावर चलन पडलेलं असतं, फळ्यावर आजच्या हीट आणि टन लिहिलेले असतात. फोटो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचावा. मोबाइलने काढलेल्या मूळ फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात, तेही काढावेत.

पीडीएफवर काळी पट्टी ओढली की मजकूर दिसत नाही, पण खाली तो तसाच असू शकतो. निवडून दुसरीकडे चिकटवला की उमटतो. जानेवारी 2019 मध्ये अमेरिकेत पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदांतला झाकलेला मजकूर पत्रकारांनी असाच वाचला. कापलेल्या चित्राचीही खात्री नसते. गुगलच्या पिक्सेल फोनवर कापलेल्या स्क्रीनशॉटचा काढून टाकलेला भाग परत मिळवता येतो, हे 2023 मध्ये उघड झालं. बिल किंवा सॉफ्टवेअरचा स्क्रीन दाखवायचाच असेल, तर खोटे आकडे भरलेला नमुना तयार करावा आणि खाली ‘नमुना’ असं लिहावं. झाकण्यासारखं काही मुळात नसेल, तर झाकण उघडण्याची भीती नाही.

गैरसमज 5: एवढं गाळलं तर गोष्ट फिकी पडते, त्यापेक्षा तपशील बदलून टाकावेत.

वस्तुस्थिती: तपशील रुंद करणं आणि खोटा करणं यांत फरक आहे. ‘शिरोली’चं ‘पश्चिम महाराष्ट्र’ केलं तरी विधान खरंच राहतं. ‘शिरोली’चं ‘राजकोट’ केलं की ते खोटं होतं, आणि उद्या एखाद्या नव्या ग्राहकाने ‘राजकोटला नेऊन दाखवा’ म्हटलं तर उत्तर नसतं. दोन ग्राहकांचे अनुभव एकत्र केले असतील, तर तसं सांगून टाकावं.

राहिली फिकेपणाची गोष्ट. वाचकाला पोस्टमधून काय हवं असतं? दुसऱ्या फाउंड्रीवाल्याला साडेतीन लाखांत रस एका क्षणापुरता. त्याला जाणून घ्यायचं असतं की वीज जात कुठे होती. ते सांगायला कुणाचंही गुपित लागत नाही. आमच्या सल्लागाराने पोस्ट अशी लिहिली असती तर:

‘पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फाउंड्रीत आम्ही आठवडाभर इंडक्शन भट्टीशेजारी घड्याळ घेऊन बसलो. भट्टी जुनी म्हणून वीज खाते, असं सगळ्यांचं मत होतं. प्रत्यक्षात धातू तयार व्हायचा, पण साचे तयार नसायचे. प्रत्येक हीटला भट्टी सरासरी 20 मिनिटं नुसती धातू गरम ठेवत होती, आणि तीही झाकण उघडं टाकून. भट्टी आणि मोल्डिंग यांचं वेळापत्रक एकत्र बांधलं, थांबण्याचा वेळ 6 मिनिटांवर आला. झाकण बंद ठेवायची सवय लावली. भंगारातली वाळू आणि गंज आधीच झटकायला सुरुवात केली, कारण त्यांची मळी करण्यातही वीजच जाते. भट्टी बदलली नाही. ग्राहकाच्या विनंतीवरून नेमकं ठिकाण आणि बचतीची रक्कम दिलेली नाही.’

यात आकडे दोन आहेत आणि दोन्ही मिनिटांचे. त्यांवरून टन निघत नाहीत, किलोमागचे पैसेही निघत नाहीत. बचतीचा आकडा एखाद्या होतकरू ग्राहकाने विचारलाच, तर फाउंड्रीच्या मालकांना विचारून त्या एकालाच सांगता येतो.

प्रसिद्ध करण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. वर्षाच्या दराची बोलणी कधी संपतात हे मालकांना विचारावं आणि तोवर थांबावं. आणि धंद्यातल्या पण या कामात नसलेल्या एका विश्वासू माणसाला मसुदा दाखवून विचारावं, ‘ही कोणाची फाउंड्री असेल?’ त्याने दोन मिनिटांत नाव घेतलं, तर कशावरून ओळखलं ते विचारावं आणि तो शब्द काढावा. त्याने पाच-सहा नावं घेऊन डोकं खाजवलं, तर पोस्ट तयार आहे.

मग खरेदी अधिकाऱ्याने ती वाचली तरी फोन करायला त्याच्याकडे कारण नसेल. शेजारच्या फाउंड्रीवाल्याने वाचली, तर तो बहुधा उठून आपल्या भट्टीचं झाकण बंद आहे का ते बघून येईल.