भाड्याच्या बिलात दडलेले व्याज

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत जॉबवर्क करणारा एक छोटा कारखाना डोळ्यांसमोर आणा. मालकाला सीएनसी लेथ हवा आहे. किंमत जीएसटी सोडून 10 लाख रुपये. बँकेचे कर्ज न घेता तो फायनान्स कंपनीकडे जातो. कंपनी लेथ स्वतःच्या नावावर विकत घेते आणि 36 महिन्यांच्या लीजवर त्याला वापरायला देते. दर महिन्याच्या शेवटी बिल येते. त्यावर ओळी मोजक्याच असतात: लीज भाडे 33,214 रुपये, सीजीएसटी 9 टक्के म्हणजे 2,989, एसजीएसटी तेवढाच, एकूण 39,192 रुपये.

या बिलावर व्याजाचा उल्लेख कुठेच नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी अकाउंटंट सगळी रक्कम ‘मशीन भाडे’ या खात्याला टाकून मोकळा होतो. जीएसटी वेगळा काढला असेल तर त्याला बिल नीट बसवल्यासारखेच वाटते. पण अशाने कारखान्यात 10 लाखांचे यंत्र धडधडत असते आणि ताळेबंदात ना यंत्र दिसते, ना त्यापोटीचे देणे. उद्या बँकेकडे खेळत्या भांडवलासाठी हा ताळेबंद गेला, तर कारखान्यावर आहे त्यापेक्षा कमी कर्ज आहे असे चित्र उभे राहते.

हिशेबाचा नियम करारावरच्या नावाकडे पाहत नाही, व्यवहाराच्या गाभ्याकडे पाहतो. यंत्राच्या उपयोगी आयुष्याचा मोठा भाग लीजच्या मुदतीतच संपणार असेल, किंवा शेवटी यंत्र नाममात्र किमतीत भाडेकरूकडेच राहणार असेल, किंवा सगळ्या भाड्यांचे आजचे मूल्य यंत्राच्या किमतीच्या जवळपास भरत असेल, तर ती ‘फायनान्स लीज’. छोट्या कंपन्यांना लागू असलेले लेखा मानक 19 सांगते की अशा लीजमध्ये यंत्र वापरणाऱ्याने ते आपल्या मालमत्तेत धरावे आणि तेवढेच देणे दाखवावे. आपल्या लेथमध्ये 33,214 रुपयांच्या 36 भाड्यांचे आजचे मूल्य बरोबर 10 लाख होते, म्हणजे ही फायनान्स लीजच. मोठ्या कंपन्यांना लागू असलेले इंड एएस 116 हे मानक 1 एप्रिल 2019 पासून एक पाऊल पुढे गेले. तिथे वर्षाच्या आतल्या आणि अगदी किरकोळ किमतीच्या लीज सोडल्या, तर जवळपास प्रत्येक लीजचे देणे ताळेबंदात येते.

मग पहिल्या भाड्यातले व्याज किती? करारासोबत मुद्दल-व्याजाचे परिशिष्ट असेल तर तेच घ्यावे. नसेल तर व्याजदर आपल्यालाच शोधावा लागतो, आणि त्यासाठी एक्सेलची एक ओळ पुरते:

```
=RATE(36,-33214,1000000)
```

उत्तर येते महिन्याला 1 टक्का. इथे एक गोष्ट आवर्जून पाहावी. भाडे महिन्याच्या शेवटी आहे की सुरुवातीला? हेच 33,214 रुपये दर महिन्याच्या 1 तारखेला आगाऊ घेतले जात असतील, तर दर साधारण 1.06 टक्क्यांवर जातो. शिवाय पहिले भाडे पूर्णपणे मुद्दलात जाते, कारण त्या दिवशी व्याज चढायला वेळच मिळालेला नसतो.

आपल्या उदाहरणात भाडे महिन्याअखेर आहे. 10 लाखांवर 1 टक्का म्हणजे 10,000 रुपये व्याज, आणि उरलेले 23,214 रुपये मुद्दल. देणे उरले 9,76,786. दुसऱ्या महिन्यात व्याज या उरलेल्या रकमेवर लागते, म्हणून ते 9,768 वर उतरते आणि मुद्दल 23,446 वर चढते. असे करत शेवटच्या भाड्यात व्याज जेमतेम 329 रुपये राहते.

पहिल्या बिलाची किर्दीतली नोंद अशी होते: लीज देणे खाते नावे 23,214, व्याज खर्च नावे 10,000, इनपुट सीजीएसटी नावे 2,989, इनपुट एसजीएसटी नावे 2,989, आणि फायनान्स कंपनी जमा 39,192. पहिली रक्कम खर्चच नाही, ती कर्जफेड आहे. यंत्राचा खर्च नफा-तोट्यात येतो तो वेगळ्या वाटेने, वर्षाअखेरच्या घसाऱ्यातून. बिल परराज्यातल्या शाखेचे असेल तर कराच्या दोन ओळींऐवजी आयजीएसटीची एकच ओळ येते, बाकी नोंद तीच.

आता कराकडे वळू, कारण गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो. बँकेच्या कर्जावरच्या व्याजाला जीएसटी नाही. मग भाड्यातल्या व्याजाला का? कारण जीएसटी कायद्याच्या नजरेत लीज ही कर्जपुरवठा नसून वस्तू वापरायला देण्याची सेवा आहे. आपण वहीत मुद्दल आणि व्याज वेगळे करतो तो आपला हिशेब. कर लागतो तो पूर्ण 33,214 रुपयांवर, आणि दर त्या यंत्राचाच, म्हणजे लेथसाठी 18 टक्के. तीन वर्षांत व्याजाचे साधारण 1,95,700 रुपये भरले जातात आणि त्यावर 35,000 रुपयांहून थोडा जास्त कर लागतो. कर्ज काढून यंत्र घेतले असते तर हा कर लागलाच नसता. आपल्या कारखान्याला इनपुट क्रेडिट मिळते, म्हणून त्याला तो सोसावा लागत नाही. मात्र ज्याची विक्री करमुक्त आहे त्याच्या गळ्यात तो निव्वळ खर्च म्हणून पडतो, आणि अशा माणसाने लीज घेण्याआधीच ही रक्कम मांडून पाहावी. क्रेडिटसाठी ते बिल आपल्या जीएसटीआर-2बी मध्ये दिसायला हवे. फायनान्स कंपनीकडे आपला जीएसटी क्रमांक चुकीचा नोंदला गेला असेल तर ते तिथे येणारच नाही, म्हणून पहिल्या महिन्यातच तपासावे.

आयकराचे चित्र पुन्हा वेगळे. तिथे यंत्राचा मालक फायनान्स कंपनी आहे आणि घसारा तिचा. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये आयसीडीएस कंपनीच्या खटल्यात हे मान्य केले. म्हणून आयकराचा हिशेब मांडताना वहीतले व्याज आणि घसारा परत मिळवून पूर्ण भाडे वजा दाखवतात. पहिल्या वर्षी वहीतला खर्च 1,04,156 रुपये व्याज आणि तीन वर्षांत विभागलेला 3,33,333 रुपये घसारा मिळून 4,37,489 होतो. आयकरात भाडे 3,98,568. तीन वर्षांची बेरीज दोन्हीकडे तीच भरते, फरक फक्त कोणत्या वर्षी किती यात आहे. उद्गम करकपात यंत्राच्या भाड्यावर 2 टक्के, जीएसटी वगळून. 1 एप्रिल 2025 पासून महिन्याचे भाडे 50,000 रुपयांपर्यंत असेल तर कपात करावी लागत नाही, त्यामुळे आपला कारखाना त्यातून सुटतो. व्याजाचा भाग वेगळा काढून त्यावर 10 टक्के कापणारेही असतात. ते चूक आहे, कारण दिले जाते ते भाडे.

एक चूक मात्र वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. एकूण व्याजाला 36 ने भागून दर महिन्याला सरसकट 5,436 रुपये व्याज टाकले जाते. शेवटच्या महिन्यात देणे शून्यावर येते, म्हणून सगळे बरोबर वाटते. पण समजा मालकाने बारा भाडी भरून लीज आधीच बंद करायचे ठरवले. त्याच्या वहीत देणे दिसते साधारण 6,66,700 रुपये आणि फायनान्स कंपनी सांगते 7,05,584, वर मुदतपूर्व बंद करण्याचे शुल्क. मालकाला वाटते कंपनीने जवळपास 39,000 रुपये जादा लावले. प्रत्यक्षात पहिल्या वर्षाचे तेवढे व्याज त्याच्या वहीत चढलेलेच नसते, आणि गेल्या वर्षीचा नफा तेवढ्याने फुगलेला असतो.